लॅबमधून डेटा लीक झाला, पेशंटना नोटीस कशी लिहायची?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मुलुंडला आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, मी आणि मिस्टर मिळून चालवतो. रिपोर्टची लिंक एसएमएसने पाठवतो. ६ जूनला एका पेशंटच्या मुलाने येऊन दाखवलं की लिंकमधला शेवटचा नंबर बदलला की दुसऱ्याच माणसाचा रिपोर्ट उघडतो. सॉफ्टवेअरवाल्याने त्याच रात्री ते बंद केलं. ही लिंकची सोय मागच्या वर्षी जानेवारीपासून आहे, साधारण ९ हजार पेशंट. लॉग मात्र त्याच्याकडे ८ मेपासूनचाच निघाला, आणि त्यात २२ मेच्या रात्री पाऊण तासात एकाच ठिकाणाहून ३४० रिपोर्ट उघडलेले दिसतायत. तो म्हणतो कोणाला सांगू नका, उगाच बोभाटा होईल. भाच्याने एक नोटीस लिहून दिलीय, "आपल्या माहितीची सुरक्षा हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे" अशी सुरुवात आहे, ती पाठवायला माझं मन धजावत नाही. काय लिहू?
– एक लॅबवाली

उत्तर: ताई, भाच्याची नोटीस ठेवा बाजूला, आणि सॉफ्टवेअरवाल्याचा सल्ला पण. पण नोटीस लिहायला बसायच्या आधी आज, म्हणजे आजच, एक फोन करा आणि त्याला सांगा की ८ मेपासूनचा अख्खा लॉग वेगळा कॉपी करून तुम्हाला दे. ज्या सिस्टीममध्ये लॉग फक्त ३० दिवस राहतो तिथे रोज एक जुना दिवस पुसला जात असतो, तुम्ही आठवडाभर विचार करत बसलात तर आठवड्याचा पुरावा गेला, आणि २२ मेची रात्र पण त्याच वाटेने जाणार आहे.

लॉग हातात आला की त्या ३४० कडे नीट बघायला लावा, कारण नोटीसमध्ये तुम्ही काय म्हणू शकता ते सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. आपल्याकडे मोबाईल कंपन्या एकाच आयपी पत्त्यावर शेकडो लोकांना बसवतात, त्यामुळे "एकाच ठिकाणाहून" एवढ्यावरून ते एकाच माणसाचं काम आहे असं लगेच ठरत नाही. बघायचं काय, तर नंबरांचा क्रम. लिंक अशी दिसत असणार:

```
report?id=48213
```

आता लॉगमध्ये 48213, मग 48214, मग 48215 असं ओळीने गेलेलं असेल, तर कोणीतरी प्रोग्राम लावून किंवा चिकाटीने बसून रिपोर्ट ओढलेत, कारण पाऊण तासात ३४० म्हणजे साधारण दर आठ सेकंदाला एक होतो, आणि खरे पेशंट असे रांगेत उभे राहून आपापले रिपोर्ट उघडत नाहीत. नंबर विखुरलेले असतील आणि प्रत्येक रिपोर्ट ज्याचा त्यानेच उघडलेला वाटत असेल तर गोष्ट वेगळी. तो जो मुलगा आला होता ना, त्याला पण प्रेमाने विचारा की तू किती आणि कुठले नंबर टाकून बघितलेस, सेव्ह केलं असशील तर डिलीट कर. त्याला पोलिसांची भीती वगैरे अजिबात घालू नका, त्याने सांगितलं नसतं तर तुमचं हे दार आजही उघडंच असतं.

आणि "बंद केलं" यावर सॉफ्टवेअरवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, स्वतः तपासा. ब्राऊझरची प्रायव्हेट विंडो उघडायची, जुन्या एसएमएसमधली लिंक टाकायची, नंबर बदलून बघायचा. बऱ्याचदा होतं काय, की वेबपेजला ओटीपी लावलेला असतो पण आतल्या पीडीएफची थेट लिंक तशीच चालू असते, म्हणजे समोरून बंद आणि मागून उघडं. पीडीएफची ती लिंक कॉपी करून लॉगिन नसलेल्या दुसऱ्या फोनवर टाकून बघा. तिथेही उघडत नसेल तरच नोटीसमध्ये "बंद केलंय" हा शब्द लिहा.

आता नोटीस. तुमच्याकडचे पेशंट सगळे एका गटात बसत नाहीत, आणि सरसकट एकच मजकूर पाठवलात तर तो कोणासाठी तरी खोटा पडणारच. ज्या ३४० जणांचे रिपोर्ट उघडले गेले त्यांच्याबाबत तुम्हाला नक्की माहितीय. ज्यांचे रिपोर्ट ८ मेपासून पुढे तयार झाले आणि जे त्या ३४० मध्ये नाहीत, त्यांच्याबाबत तुम्ही म्हणू शकता की लिंक तयार झाल्यापासूनचा पूर्ण लॉग आम्ही पाहिला आणि त्यात तुमचा रिपोर्ट असा उघडलेला दिसत नाही. राहिला मोठा गट, मागच्या जानेवारीपासून या ७ मेपर्यंतच्या रिपोर्टवाल्यांचा. त्यांच्याबाबत ८ मेनंतरचं तुम्हाला माहितीय, त्याच्या आधीचं माहिती नाही आणि कधी कळणारही नाही, कारण तो लॉगच अस्तित्वात नाही.

सगळ्यात जास्त नोटिसा इथेच घसरतात. "कुठल्याही गैरवापराचा पुरावा आढळलेला नाही" असं वाक्य टाकतात, आणि ते शब्दाला धरून खरंही असतं, कारण पुरावा ठेवलाच नव्हता तर आढळणार कुठून. वाचणारा मात्र समजतो की यांनी सगळं तपासलं आणि काही नाही निघालं. पुढे तीन महिन्यांनी एखादीला फोन येतो, समोरचा तिचं नाव, डॉक्टरचं नाव, टेस्टची तारीख सगळं सांगतो, तेव्हा तिला कळतं की आपल्याला अर्धवट सांगितलं होतं, आणि मग तुमच्या लॅबच्या कुठल्याच कागदावर तिचा विश्वास राहत नाही. त्यापेक्षा "या तारखेच्या आधीचं आम्हाला सांगता येत नाही" हे सरळ लिहा. लोक हे ऐकून जितके घाबरतील असं आपल्याला वाटतं तितके घाबरत नाहीत, पुढच्याच ओळीत त्यांनी काय करायचं ते लिहिलेलं असेल तर.

३४० जणांसाठी मी असं लिहीन, यात कमीजास्त करा पण क्रम शक्यतो असाच ठेवा:

"नमस्कार. आमच्या लॅबमध्ये तुम्ही केलेल्या तपासणीचा रिपोर्ट २२ मेच्या रात्री एका अनोळखी व्यक्तीने इंटरनेटवरून उघडला, असं आमच्या नोंदीत दिसतंय. रिपोर्टच्या लिंकमध्ये चूक होती, त्यातला नंबर बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट दिसत होता. आम्हाला हे ६ जूनला कळलं आणि त्याच रात्री आम्ही त्या लिंक बंद केल्या. रिपोर्टवर तुमचं नाव, वय, मोबाईल नंबर, डॉक्टरांचं नाव, तपासणी आणि तिचा निकाल एवढं होतं. आधार, बँक किंवा कार्डची माहिती त्यात नव्हती, आम्ही ती रिपोर्टसाठी घेतच नाही. तुमचा रिपोर्ट बदललेला नाही, तुमच्याकडे जो आहे तोच बरोबर आहे आणि उपचार तसेच चालू ठेवा. ही माहिती वापरून कोणी तुम्हाला लॅबच्या किंवा डॉक्टरांच्या नावाने फोन करू शकतं. आम्ही फोनवर पैसे किंवा ओटीपी मागत नाही आणि व्हॉट्सॲपवर कुठलंही ॲप पाठवत नाही. असा फोन आला तर ठेवून द्या आणि पावतीवरच्या नंबरवर आम्हाला कळवा. पैसे गेले असतील तर आधी लगेच १९३० ला फोन करा. हे आमच्याकडून व्हायला नको होतं, त्याबद्दल माफी मागतो. पुढची माहिती २० जूनला याच पद्धतीने कळवू."

यातलं "तुमचा रिपोर्ट बदललेला नाही" हे वाक्य बरेच जण विसरतात. पेशंटच्या डोक्यात पहिला प्रश्न हॅकरचा नसतो, तर माझी शुगर खरंच २१० आहे का आणि मी गोळी चालू ठेवू का, हा असतो. कोणी घाबरून इन्सुलिन थांबवलं तर लीकपेक्षा मोठं नुकसान तेच. अर्थात हे वाक्यही तपासूनच लिहायचं, सॉफ्टवेअरवाल्याकडून लेखी घ्या की त्या लिंकवरून फक्त बघता येत होतं, बदलता येत नव्हतं. रिपोर्टवर काय काय छापलं जातं ते पण एक जुना रिपोर्ट समोर ठेवून बघा. काही लॅबच्या रिपोर्टवर पत्ता असतो, काहींवर ओळखपत्राचा नंबर असतो, आणि तो तुमच्या रिपोर्टवर असेल तर वरचं आधारचं वाक्य काढून खरं ते लिहावं लागेल.

मोठ्या गटासाठी पहिलं वाक्य बदलेल: "मागच्या वर्षी जानेवारीपासून ६ जूनपर्यंत आमच्या रिपोर्टच्या लिंकमध्ये चूक होती, त्यामुळे तुमचा रिपोर्ट दुसऱ्या कोणाला उघडता येऊ शकत होता. ८ मेनंतरच्या नोंदी आम्ही तपासल्या, त्यात तुमचा रिपोर्ट असा उघडलेला दिसत नाही. त्याच्या आधीच्या नोंदी आमच्याकडे नाहीत, त्यामुळे त्या काळाबद्दल आम्हाला खात्रीने सांगता येत नाही." बाकी सगळं तेच. मधल्या छोट्या गटाच्या नोटीसमध्ये "त्याच्या आधीच्या नोंदी आमच्याकडे नाहीत" हे वाक्य लागणार नाही.

कृपा करून "पासवर्ड बदला" असलं काही टाकू नका, तुमच्या पेशंटना तुमच्याकडे पासवर्डच नाहीये. लोक दुसऱ्या कंपन्यांच्या नोटिसा बघून हे उतरवतात आणि वाचणारा बिचारा अर्धा तास शोधत बसतो की कुठला पासवर्ड. जे गेलंय त्यातून जे होऊ शकतं तेवढंच लिहा. इथे काय होऊ शकतं, तर फोन येईल की "काकू, तुमच्या १२ तारखेच्या रिपोर्टमध्ये काहीतरी सिरीयस आलंय, मोठ्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतो, आत्ता दोन हजार भरा", किंवा व्हॉट्सॲपवर रिपोर्टच्या नावाने एपीके फाईल येईल आणि ती इन्स्टॉल केली की फोनवरचे ओटीपी दुसरीकडे जायला लागतील. म्हणून "आमचा रिपोर्ट कायम पीडीएफ असतो, शेवटी एपीके लिहिलेली फाईल उघडू नका" ही ओळ पण घाला, वयस्कर पेशंटना ती खूप उपयोगी पडते. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर आहे, आणि cybercrime.gov.in वर पण तक्रार करता येते, पण पैसे गेल्यावर पहिल्या तासात केलेल्या फोनने ते अडवले जायची शक्यता जास्त असते, त्यामुळे नोटीसमध्ये वेबसाईटच्या आधी नंबर द्या.

आता पोचवायचं कसं, यात तुमच्या बाबतीत एक नाजूक गोष्ट आहे जी बँकेच्या किंवा दुकानाच्या नोटीसमध्ये नसते. तुमच्याकडे नोंदलेला मोबाईल नंबर पेशंटचाच असेल असं नाही. सासूबाईंच्या रिपोर्टला सुनेचा नंबर असतो, मुलीच्या रिपोर्टला वडिलांचा. लेखी मजकुरात टेस्टचं नाव कधीच घालू नका, नाहीतर लीकबद्दल सांगता सांगता दुसरा लीक तुम्हीच कराल. फोन करताना आधी पेशंटला नावाने मागा, दुसऱ्या कोणी उचलला तर एवढंच, "लॅबमधून फोन आहे, त्यांना पावतीवरच्या नंबरवर फोन करायला सांगा." ३४० च्या यादीत एचआयव्ही, प्रेग्नन्सी किंवा असल्या टेस्ट ज्यांच्या आहेत त्यांची वेगळी छोटी यादी करा आणि त्यांना तुम्ही स्वतः फोन करा, रिसेप्शनवरच्या मुलीवर सोपवू नका. एचआयव्हीच्या बाबतीत तर गुप्ततेसाठी २०१७ चा वेगळा कायदा आहे, तिथे आधी वकिलांशी बोलून घ्या.

बाकीच्यांना एसएमएस करायचा तर इथे बरेच जण अडकतात. बल्क एसएमएसचा मजकूर डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, आधी मंजूर झालेल्या टेम्प्लेटशी जुळावा लागतो, नाहीतर ऑपरेटर तो पुढे जाऊच देत नाही, आणि तुमचं मंजूर टेम्प्लेट "तुमचा रिपोर्ट तयार आहे" एवढंच असणार. म्हणजे आज नवीन टेम्प्लेट टाकायला सांगा आणि मंजुरी येईपर्यंत ३४० फोन उरकायला घ्या, तीन माणसं बसली तर दोन-तीन दिवसांत होतात. देवनागरी एसएमएस ७० अक्षरांना एक धरतात, त्यामुळे अख्खी नोटीस त्यात कोंबू नका. एवढंच पुरे: "तुमच्या रिपोर्टच्या माहितीबाबत महत्त्वाची सूचना आहे. पावतीवरील नंबरवर फोन करा किंवा लॅबमध्ये या." लॅबचं नाव असेल, पण लिंक टाकायची नाही आणि नवीन फोन नंबर तर मुळीच नाही. कारण विचार करा, अशा बातमीचा मेसेज जसा तुम्ही पाठवाल अगदी तसाच फसवणारा पण पाठवणार, आणि पेशंटला दोन्हीतला फरक करता येण्याचा एकच सोपा मार्ग आहे, की खरा मेसेज त्याला त्याच्या घरात आधीपासून असलेल्या कागदाकडे पाठवतो. पूर्ण नोटीस लॅबच्या दारावर आणि काउंटरवर लावा, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि तुमच्या मुलुंडला गुजराती पण.

पावतीवरच्या नंबरवर फोन यायला लागले की उचलणाऱ्याकडे एक कागद हवा. त्यात मुख्य हे, की फोनवर निकाल कोणालाही वाचून दाखवायचा नाही, पावती नंबर विचारल्याशिवाय त्या माणसाचा रिपोर्ट कुठल्या गटात आहे हेसुद्धा सांगायचं नाही, कारण "मी अमुकची मुलगी बोलतेय" म्हणून फसवणारा तुम्हालाही फोन करू शकतो. उत्तर माहीत नसेल तर अंदाज लावायचा नाही, नाव-नंबर लिहून घ्यायचा आणि उद्या संध्याकाळपर्यंत परत फोन करायचा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. सर्ट-इन म्हणजे सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था, तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे डेटा लीक लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं, आणि तो आदेश फक्त मोठ्या कंपन्यांपुरता नाही. वेळ उलटून गेली असली तरी incident@cert-in.org.in वर आज मेल करा, उशीर का झाला ते एका ओळीत लिहा. त्याच आदेशात लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला हे दाखवा आणि पुढच्या करारात लिहून घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. प्रत्येक बाधित माणसाला कळवायचं बंधन टप्प्याटप्प्याने, नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतंय, पण त्यात नोटीसमध्ये काय हवं ते साध्या भाषेत दिलंय: काय झालं, किती आणि कधी, त्या माणसाला त्यातून काय होऊ शकतं, तुम्ही काय केलं, त्याने काय करावं आणि बोलायचं कोणाशी. वरचा मजकूर मी याच हिशोबाने लिहिलाय. आणि त्या कायद्यात जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याची आहे, म्हणजे लॅबची, सॉफ्टवेअरवाल्याला काम दिलं म्हणून ती त्याच्याकडे जात नाही. त्यामुळे "आमच्या व्हेंडरच्या चुकीमुळे" हे नोटीसमध्ये नको. पेशंटने रक्त तुमच्याकडे दिलं होतं, त्या व्हेंडरचं नावही त्याला माहीत नाही. व्हेंडरशी काय ते भांडण वेगळं करा, जरूर करा.

"सर्वोच्च प्राधान्य" आणि "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" या दोन्ही ओळी काढा. पेशंटची गैरसोय झालेली नाहीये, त्याच्या शरीराची माहिती परक्या माणसाने बघितलीय, आणि त्याला गैरसोय म्हटलं की वाचणाऱ्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. "घाबरू नका" पण नको. त्याच्याऐवजी काय गेलं नाही हे कारणासकट सांगा, जसं वर आधारबद्दल लिहिलंय, माणूस त्याने जास्त शांत होतो.

२० जूनची तारीख मी मुद्दाम घातलीय. त्या दिवशी नवीन काही नसलं तरी दारावरची नोटीस बदला: किती जणांशी बोलणं झालं, किती जणांचा फोन लागला नाही, कोणाला फसवणुकीचा फोन आल्याचं कळलंय का, नवीन लिंक आता ओटीपीने उघडते का. फोन न लागलेल्यांना रजिस्टरमध्ये पत्ता असेल तर बंद पाकिटात पत्र टाका, पाकिटावर फक्त लॅबचं नाव. आणि पत्ताही नसेल तर त्यांच्या नोंदीवर खूण करून ठेवा, पुढच्या वेळी ते काउंटरवर येतील तेव्हा बाजूला घेऊन सांगता येईल.